ईसॉपचा हिशेब – भाग ६ : सोडून जाणाऱ्यांचा अंदाज आणि दरवर्षीचा खर्च

मागच्या भागात आपण ब्लॅक-शोल्सचं सूत्र वापरून एका ऑप्शनचं रास्त मूल्य काढलं होतं. ते ग्रँटच्या दिवशी एकदाच ठरतं, आणि शेअरचा भाव नंतर वर गेला की खाली आला याच्याशी त्याचा पुढे काही संबंध उरत नाही, इथे आपण थांबलो होतो. आता प्रश्न हा की, हे मूल्य नफा-तोटा पत्रकात नेमकं कोणत्या वर्षी आणि किती उतरवायचं? ऑप्शन आज दिले, पण ते मिळवण्यासाठी कर्मचाऱ्याला तीन-चार वर्षं टिकून राहायचं आहे. त्यातले काहीजण टिकणार नाहीत, हे देणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग जे जाणार आहेत त्यांचा खर्च धरायचा की नाही?

भारतात या प्रश्नाचं उत्तर ‘इंड एएस १०२’ या लेखामानकात आहे. ते आंतरराष्ट्रीय ‘आयएफआरएस २’वर आधारलेलं आहे आणि ते मानक फेब्रुवारी २००४ मध्ये आलं. उत्तराचा गाभा असा : ऑप्शन ही कर्मचाऱ्याच्या सेवेची किंमत आहे, म्हणून सेवा जितक्या काळात मिळते तितक्या काळात तो खर्च पसरवायचा. या काळाला व्हेस्टिंगचा काळ म्हणतात. आणि खर्च दिलेल्या सगळ्या ऑप्शनवर धरायचा नाही. शेवटी जितके व्हेस्ट होतील, म्हणजे जितक्यांचा हक्क पक्का होईल असा अंदाज आहे, तितक्यांवरच धरायचा.

म्हणजे गुणाकारात दोन आकडे आहेत. एक, प्रति ऑप्शन मूल्य. ते गोठलेलं असतं. दुसरा, ऑप्शनची संख्या. ती दर ताळेबंदाच्या दिवशी नव्याने तपासायची. या लेखमालेतली पुढची बरीच गुंतागुंत या एका फरकातून निघते, म्हणून तो पक्का ध्यानात ठेवावा. मूल्य बदलत नाही, संख्या बदलते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. समजा पुण्यात हिंजवडीला एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. १ एप्रिल २०२० रोजी तिने १०० अभियंत्यांना प्रत्येकी ६०० ऑप्शन दिले. अट एकच : ३१ मार्च २०२३ पर्यंत नोकरीत राहायचं. तोवर राहिला तर सगळे ६०० ऑप्शन मिळतील, आधी गेला तर एकही नाही. रास्त मूल्य प्रति ऑप्शन १५० रुपये. सगळे शंभर जण टिकले तर ६०,००० ऑप्शन गुणिले १५०, म्हणजे ९० लाख रुपये. ही झाली कमाल मर्यादा.

कंपनीचा मागच्या काही वर्षांचा अनुभव सांगतो की, या वर्गातले साधारण दहा टक्के लोक दरवर्षी नोकरी सोडतात. आणि इथेच पहिली चूक होते. दहा टक्के गळती म्हणून ९० लाखांतून दहा टक्के वजा करून ८१ लाख धरले जातात. पण दर वार्षिक आहे आणि वाट तीन वर्षं पाहायची आहे. पहिल्या वर्षाअखेर १०० पैकी ९० उरतील, दुसऱ्या वर्षाअखेर ८१, तिसऱ्या वर्षाअखेर जवळपास ७३. म्हणजे व्हेस्टिंगच्या दिवशी २७ जण नसतील, १० नव्हे. ७३ जणांचे ४३,८०० ऑप्शन, त्यांचं मूल्य ६५.७० लाख. त्याचा तिसरा हिस्सा २१.९० लाख, हा २०२०-२१ चा खर्च. चुकीच्या पद्धतीने तो २७ लाख झाला असता. एकाच ग्रँटवर पाच लाखांचा फरक.

नोंद साधी आहे. कर्मचारी लाभ खर्च नावे, आणि भागधारकांच्या निधीतलं ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग अकाउंट’ जमा. रोख रक्कम कुठेच हलत नाही.

पहिलं वर्ष अंदाजाप्रमाणे गेलं, दहा जण सोडून गेले. दुसऱ्या वर्षी चित्र पालटलं. २०२१-२२ मध्ये भारतीय आयटी क्षेत्रात नोकऱ्या बदलण्याची जी लाट आली ती अनेक वाचकांनी स्वतः अनुभवली असेल. इन्फोसिसने मार्च २०२२ अखेरच्या बारा महिन्यांसाठी स्वेच्छेने सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २७.७ टक्के जाहीर केलं होतं. आपल्या कंपनीतूनही त्या वर्षात २० जण गेले. उरले ७०. मनुष्यबळ विभागाचं मत पडलं की, पुढच्या वर्षीही वीस टक्के, म्हणजे आणखी १४ जण जातील. तेव्हा शेवटी टिकणार ५६.

आता दुसऱ्या वर्षाचा खर्च कसा काढायचा? दरवेळी सुरुवातीपासूनचा एकूण हिशेब पुन्हा मांडायचा. ५६ जणांचे ३३,६०० ऑप्शन, मूल्य ५०.४० लाख. तीनपैकी दोन वर्षं झाली, म्हणून आजवरचा एकूण खर्च ३३.६० लाख असायला हवा. त्यातले २१.९० लाख गेल्या वर्षी धरून झाले आहेत. उरलेले ११.७० लाख हा या वर्षाचा खर्च. व्यवहारात याला ट्रू-अप म्हणतात. अंदाज बदलला की त्याचा मागच्या काळावरचा सगळा परिणाम चालू वर्षातच येतो. मागच्या वर्षाचे आकडे उघडायचे नाहीत, आणि फरक पुढच्या वर्षांवर ढकलायचाही नाही.

ही दुसरी नेहमीची चूक. काही ठिकाणी नवा एकूण खर्च ५०.४० लाख घेऊन त्यातून धरलेले २१.९० लाख वजा करतात आणि उरलेले २८.५० लाख दोन वर्षांत सारखे वाटतात. मग दुसऱ्या वर्षाचा खर्च १४.२५ लाख येतो. यंत्राचं आयुष्य बदललं की घसारा असाच पुढच्या काळावर पसरतात, त्या सवयीने हे घडत असावं. पण इथे मानकाची रीत वेगळी आहे. दोन वर्षं सेवा मिळाली असेल, तर धरलेला खर्च दोन वर्षांच्या सेवेइतकाच हवा. चूक ओळखायची खूण सोपी आहे : ताळेबंदाच्या कोणत्याही दिवशी, टिकण्याची अपेक्षा असलेले ऑप्शन गुणिले मूल्य गुणिले सरलेल्या काळाचा हिस्सा, हे उत्तर त्या ग्रँटपोटी खात्यात जमलेल्या रकमेशी तंतोतंत जुळलं पाहिजे. १४.२५ लाख धरले तर खात्यात ३६.१५ लाख दिसतील, हवेत ३३.६० लाख.

तिसऱ्या वर्षी लाट ओसरली. १४ जातील असं वाटलं होतं, गेले फक्त सात. व्हेस्टिंगच्या दिवशी ६३ जण हजर होते. त्या दिवशी अंदाज संपतो आणि प्रत्यक्ष मोजणी होते. ६३ जणांचे ३७,८०० ऑप्शन, मूल्य ५६.७० लाख. आधी धरलेले ३३.६० लाख वजा केले की तिसऱ्या वर्षाचा खर्च २३.१० लाख.

तिन्ही वर्षांचे आकडे सलग वाचा : २१.९०, ११.७०, २३.१०. बेरीज ५६.७० लाख. प्रति ऑप्शन मूल्य तेच, योजना तीच, दरवर्षी काम करणारे लोक मात्र कमी होत गेलेले, आणि तरी मधल्या वर्षी खर्च निम्म्यावर आला आणि पुढच्या वर्षी दुप्पट झाला. ज्या वर्षी कंपनीतून सर्वांत जास्त माणसं गेली त्याच वर्षी तिचा नफा या कारणाने चांगला दिसला. भागधारकाने हे ओळखून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ऑप्शनचा खर्च एकाएकी घटला तर कंपनी काटकसरी झाली असं समजण्याआधी, किती लोक सोडून गेले ते पाहावं.

आणि दुसरी बाजू. अंदाज कसाही केला तरी शेवटची बेरीज बदलत नाही. पहिल्या वर्षी ७३ धरा, ९० धरा किंवा ५० धरा, तीन वर्षांनी एकूण खर्च ५६.७० लाखच होणार, कारण व्हेस्टिंगच्या दिवशी संख्या प्रत्यक्षाशी जुळवावीच लागते. अंदाजाच्या हातात फक्त एवढंच आहे की, तो खर्च कोणत्या वर्षाच्या वाट्याला जाईल.

हे पाहूनच अमेरिकेत मार्च २०१६ मध्ये तिथल्या मानकमंडळाने कंपन्यांना सूट दिली. नोकरीत राहण्याच्या अटीपुरता गळतीचा अंदाज करायचा की कर्मचारी जाईल तेव्हा त्याचा खर्च उलटवायचा, याची निवड कंपनीने करावी आणि ती सगळ्या योजनांना सारखी लावावी. आपल्या कंपनीने दुसरा मार्ग घेतला असता तर पहिल्या वर्षी हजर असलेल्या ९० जणांवर २७ लाख, दुसऱ्या वर्षी ७० जणांवर एकूण ४२ लाख म्हणून १५ लाख, आणि तिसऱ्या वर्षी १४.७० लाख खर्च आला असता. बेरीज तीच, ५६.७० लाख. मात्र ही सूट इंड एएसमध्ये नाही, आयएफआरएसमध्येही नाही. ज्या पुणेकर किंवा मुंबईकर कंपन्यांची मूळ कंपनी अमेरिकेत नोंदलेली आहे, तिथे एकाच ग्रँटचे दोन हिशेब ठेवावे लागतात ते अशा फरकांमुळे. माझं मत विचाराल तर अंदाजाची पद्धत अधिक प्रामाणिक आहे. जे जाणार हे ठाऊक आहे त्यांचा खर्च आज धरायचा आणि उद्या उलटवायचा, यात पहिल्या वर्षाचा आकडा जाणूनबुजून फुगवला जातो. पण अंदाजाची पद्धत तेवढीच चांगली, जेवढा अंदाज चांगला.

मग चांगला अंदाज कसा करतात? संपूर्ण कंपनीचा गळतीचा दर उचलून लावणं हा सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा चुकीचा मार्ग. त्या दरात सहा महिन्यांत निघून जाणारे नवखे असतात, कॉल सेंटरची माणसं असतात, ज्यांना ऑप्शन मिळालेच नाहीत असे पुष्कळ असतात. ऑप्शन सहसा कंपनीला हव्या असलेल्या लोकांना मिळतात, आणि त्यांच्या टिकण्याचा कल वेगळा असतो. म्हणून आधीच्या ग्रँटची यादी काढायची आणि त्या-त्या ग्रँटमधले किती ऑप्शन व्हेस्ट होण्याआधीच बुडाले ते पाहायचं. वरिष्ठ अधिकारी आणि कनिष्ठ अभियंते वेगळे काढायचे. दर वर्षानुसारही बदलतो : व्हेस्टिंगची तारीख जवळ आली की माणसं थांबतात, ती उलटली की राजीनामे वाढतात.

मोजणी माणसांची नव्हे, ऑप्शनची करायची, हेही विसरलं जातं. आपल्या उदाहरणात प्रत्येकाकडे ६०० ऑप्शन होते म्हणून डोकी मोजून भागलं. पण प्रत्यक्षात एखाद्या तंत्रज्ञान प्रमुखाकडे २०,००० ऑप्शन असतात आणि तीस जणांकडे प्रत्येकी २००. तो एकटा गेला तर डोक्यांच्या हिशेबात गळती तीन टक्क्यांच्या आसपास दिसते, ऑप्शनच्या हिशेबात पाऊण योजना संपलेली असते. अशा मोठ्या धारकांचा विचार सरासरीने नव्हे, नावानिशी करावा लागतो.

आणखी एक सूचना शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी. त्या दर तिमाहीला निकाल देतात, मग अंदाजही दर तिमाहीला तपासला पाहिजे. वर्षभर जुना दर लावून सगळी दुरुस्ती मार्चमध्ये केली, तर चौथ्या तिमाहीच्या नफ्यात एक असा उंचवटा किंवा खड्डा तयार होतो की त्याचा धंद्याशी काही संबंध नसतो.

इथवर आपण सगळे ऑप्शन एकाच दिवशी व्हेस्ट होतात असं धरलं. प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत जास्त आहे. पहिला टप्पा वर्षाच्या आत ठेवता येत नाही, कारण सेबीचे २०२१ चे नियम आणि कंपनी कायद्याखालचे नियम दोन्ही किमान एक वर्षाचा काळ मागतात. समजा तेच ६०० ऑप्शन २०० च्या तीन टप्प्यांत, एक, दोन आणि तीन वर्षांनी व्हेस्ट होतात. इंड एएस १०२ प्रमाणे या तीन वेगळ्या ग्रँट समजायच्या. पहिल्या टप्प्याचा सगळा खर्च पहिल्या वर्षात, दुसऱ्याचा दोन वर्षांत, तिसऱ्याचा तीन वर्षांत. म्हणजे पहिल्या वर्षावर तिन्ही टप्प्यांचा भार एकदम येतो.

गळतीचा अंदाजही टप्प्यागणिक वेगळा. दहा टक्क्यांच्या दराने पहिल्या टप्प्याला ९० जण पोचतील, दुसऱ्याला ८१, तिसऱ्याला ७३. मूल्य प्रति ऑप्शन १५० रुपयेच धरलं (खरं तर लांबच्या टप्प्याचं मूल्य थोडं जास्त येतं, सोयीसाठी ते बाजूला ठेवू), तर टप्प्यांचे खर्च २७ लाख, २४.३० लाख आणि २१.९० लाख. पहिल्या वर्षी २७ अधिक दुसऱ्याचा अर्धा १२.१५ अधिक तिसऱ्याचा तिसरा हिस्सा ७.३०, मिळून ४६.४५ लाख. दुसऱ्या वर्षी १९.४५ लाख, तिसऱ्या वर्षी ७.३० लाख. एकूण ७३.२० लाखांपैकी साठ टक्क्यांहून अधिक खर्च पहिल्याच वर्षी. आधीच्या एकरकमी योजनेत हाच पहिल्या वर्षाचा आकडा २१.९० लाख होता. नवी योजना जाहीर केल्यावर पहिल्या वर्षी नफा का आपटला, असं संचालक विचारतात तेव्हा उत्तर बहुधा या उताराच्या वेळापत्रकात असतं. अमेरिकी नियमांत, अट फक्त सेवेची असेल तर, हा खर्च सरळ समान हप्त्यांत पसरवायची मुभा आहे. आपल्याकडे ती नाही.

शेवटी एक सीमारेषा स्पष्ट करायला हवी, कारण ‘ऑप्शन बुडाले’ हा शब्दप्रयोग दोन वेगळ्या घटनांना वापरला जातो. व्हेस्ट होण्याआधी कर्मचारी गेला, तर त्याच्यापोटी धरलेला खर्च उलटतो. व्हेस्ट झाल्यानंतर त्याने ऑप्शन वापरले नाहीत आणि मुदत संपली, तर एक रुपयाही उलटत नाही. आपल्या ६३ जणांना शेअर ४०० रुपयांना घ्यायचा हक्क आहे, आणि बाजारात भाव २५० वर आला असं समजा. कोणीच घेणार नाही, सगळे ३७,८०० ऑप्शन लॅप्स होतील. तरी ५६.७० लाखांचा खर्च खर्चच राहतो. कंपनीला तीन वर्षांची सेवा मिळाली होती, आणि बदल्यात तिने दिलेल्या हक्काला देण्याच्या वेळी मूल्य होतं. फार तर ती रक्कम भागधारकांच्या निधीतल्या एका खात्यातून दुसऱ्यात नेता येते. नफा-तोटा पत्रकात ती परत येत नाही.

कर्मचारी स्वतः गेला की त्याला काढलं, याने व्हेस्टिंगआधीच्या हिशेबात फरक पडत नाही. कारण कोणतंही असो, सेवा थांबली म्हणजे सेवेची अट पुरी झाली नाही, असं मानक म्हणतं. त्यामुळे मोठ्या नोकरकपातीच्या तिमाहीत ऑप्शनचा खर्च खाली येतो, कधी उणेही जातो. याच्या अगदी उलट, माणसं कामावर ठेवून कंपनीने योजनाच रद्द केली, तर उरलेला सगळा खर्च त्याच दिवशी धरावा लागतो. आणि नोकरीत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर नियमांनुसार त्याचे ऑप्शन वारसांकडे व्हेस्ट होतात. त्यांना गळतीत मोजणं ही नुसती चूक नाही, त्या कुटुंबावर अन्यायही आहे.

ज्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत तिचा वार्षिक अहवाल काढा आणि शेअर-आधारित मोबदल्याची टीप उघडा. तिथे वर्षाच्या सुरुवातीचे ऑप्शन, नव्याने दिलेले, व्हेस्टिंगआधी बुडालेले, वापरलेले, मुदत संपलेले आणि शेवटी उरलेले यांचा तक्ता देणं बंधनकारक आहे. बुडालेल्या ऑप्शनचं प्रमाण सलग तीन वर्षांचं काढा. कंपनी बाजारमूल्याने पहिल्या हजारांत असेल तर तिच्या बीआरएसआर अहवालात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचे तीन वर्षांचे दरही मिळतील. दोन्ही आकडे ऑप्शनच्या खर्चाशेजारी ठेवून वाचा. पुढच्या भागात, भाव कोसळल्यावर कंपन्या जुन्या ऑप्शनची किंमत खाली आणतात तेव्हा जादा खर्च कसा मोजायचा, ते पाहू.